खिडकीतली पहिली बाग: पाच वर्षांच्या मुलासोबत कोथिंबिरीआधी मेथी पेरा

पाच वर्षांच्या मुलाने शनिवारी पेरलेले बी मंगळवारपर्यंत दिसले नाही, तर बुधवारी ते उकरून पाहिले जाते. कोथिंबिरीची पहिली कुंडी अनेकदा अशीच फसते. धणे उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी त्याहून जास्त. एवढे दिवस नुसत्या मातीकडे पाहत राहणे मोठ्यांनाही जड जाते. मेथी मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीबाहेर येते, म्हणून सुरुवात तिने करावी.

स्वयंपाकघरातले मेथीदाणे चालतात. दुकानातल्या काही पाकिटांतले बी गुलाबी किंवा लालसर दिसते. तो बहुधा बुरशीनाशकाचा थर असतो; असे बी मुलांच्या हाती देऊ नये.

दोन चमचे दाणे रात्रभर भिजवा. श्रीखंडाच्या किंवा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्याच्या तळाला पाच-सहा छिद्रे पाडा (हे काम मोठ्यांचे) आणि खाली ताटली ठेवा. डब्यात तीन इंच भुसभुशीत माती भरून दाणे पसरा. मुलांना बी बोटाने आत खुपसायला आवडते, पण खोल गेलेले बी उगवायला वेळ लावते. त्याऐवजी रांगोळीसारखी चिमटीने माती भुरभुरायला सांगा. दाणे जेमतेम झाकले गेले की पुरे.

खरी अडचण पाण्याची. मुलाला दिवसातून पाच वेळा पाणी घालायचे असते. हातात मगाऐवजी स्प्रेची बाटली द्या आणि एकच नियम ठेवा: ओली माती बोटाला चिकटली, तर आज पाणी नाही. रोपे मातीलगत नरम पडून आडवी झाली, तर पाणी जास्त होऊन बुरशी लागली असे समजावे. ती पुन्हा उभी राहत नाहीत. माती बदलून नवे दाणे पेरावेत.

रोपे लांबट, पिवळट होऊन एका बाजूला झुकली, तर उजेड कमी पडतोय. नवरात्रात घटातले धान देवघराच्या अंधारात पिवळे वाढते, तेही याच कारणाने. डबा ग्रिलच्या आतच, पण उन्हाच्या बाजूला ठेवा आणि रोज अर्धा फिरवा. पाणी घालताना तो खाली उतरवून घ्या, म्हणजे मूल खिडकीत चढणार नाही.

साधारण पंधरा दिवसांत मेथी बोटभर होते. मुंबईच्या बाजारात छोट्या जुड्यांनी मिळणारी समुद्रमेथी अशीच कोवळी असते. एका डब्यातून एखाद्या थालीपीठापुरती निघते. मातीलगत कापलेली मेथी पुन्हा फारशी फुटत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी नवे दाणे.

कोथिंबीर हवीच असेल, तर दुसऱ्या डब्यात त्याच दिवशी लावा. धणे लाटण्याने हलके रगडून दोन भाग करा. प्रत्येक भागात एक बी असते. मुलाचे लक्ष मेथीकडे असते, तोवर धण्यांना हवा तेवढा वेळ मिळतो.