दारूनंतरची रक्ताची उलटी

रात्री भरपूर दारू, पहाटे उलट्यांवर उलट्या, आणि त्यातल्या शेवटच्या एक-दोन उलट्यांत लाल रक्त. या क्रमाने प्रकार घडला की डॉक्टरांच्या मनात पहिली शंका येते ती अन्ननलिका जिथे जठराला मिळते त्या सांध्यावर चीर पडल्याची. १९२९ मध्ये बॉस्टनमधील केनेथ मॅलरी आणि सोमा वाइस या दोन डॉक्टरांनी अशा पंधरा रुग्णांची हकीकत लिहिली. ते सगळे अतिमद्यपान करणारे होते आणि प्रत्येकाला आधी जोराच्या ओकाऱ्या आल्या होत्या. तेव्हापासून या जखमेला ‘मॅलरी-वाइस चीर’ म्हणतात.

ही चीर दारूच्या दाहापेक्षा ओकारीच्या जोराने पडते. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटलाचा स्नायू पडद्यासारखा ताणलेला असतो आणि त्यातल्या एका छिद्रातून अन्ननलिका खाली उतरते. ओकारी येते तेव्हा पोटाचे स्नायू जठराला पिळतात आणि जठराचा वरचा भाग त्या छिद्राकडे ढकलला जातो. साध्या उलटीत वरची वाट वेळेवर मोकळी होते आणि दाब बाहेर पडतो. जठर रिकामे झाल्यावरही ओकाऱ्या थांबल्या नाहीत, नुसतेच कोरडे उमासे येत राहिले, तर बाहेर पडायला काही उरलेले नसते आणि सगळा ताण सांध्यावर येतो. तिथले आतले नाजूक अस्तर उभे फाटते. चीर साधारण एक ते चार सेंटिमीटर लांब असते आणि बहुतेक वेळा एकच असते. तिची खोली अस्तरापुरती, म्हणजे भिंतीचे बाहेरचे थर शाबूत राहतात. तरी अस्तराखालच्या रक्तवाहिन्या उघड्या पडल्या की रक्त वाहू लागते. ज्यांच्या जठराचा भाग आधीच श्वासपटलाच्या छिद्रातून वर सरकलेला असतो, त्यांच्यात ही चीर पडण्याचा संभव जास्त.

समजा, बत्तीस वर्षांचा एक तरुण मित्राच्या हळदीला रात्रभर प्यायला. पहाटे चारला पहिली उलटी झाली, तिच्यात रात्रीचे जेवण होते. दुसरी पिवळी, कडू पित्ताची. मग वीस मिनिटे नुसत्या ओकाऱ्या, आणि पाचच्या सुमारास बेसिनमध्ये अर्धी वाटी लाल रक्त. रुग्णालयात त्याची नाडी मिनिटाला ९६ आणि रक्तदाब ११८/७६ भरला, म्हणजे धोक्याची पातळी अजून आलेली नव्हती. शिरेतून सलाईन आणि आम्ल कमी करणारे औषध सुरू झाले. त्याच दिवशी दुर्बीण घातली तेव्हा सांध्याच्या किंचित खाली दोन सेंटिमीटरची लाल उभी रेघ आणि तिच्यावर चिकटलेली रक्ताची गुठळी दिसली. रक्त थांबलेले होते, त्यामुळे काहीच करावे लागले नाही. अशा दहांपैकी आठ-नऊ रुग्णांचे रक्त आपोआप थांबते आणि चीर दोन-तीन दिवसांत भरू लागते. रक्त वाहतच असेल तर दुर्बिणीतूनच बारीक धातूची क्लिप लावतात किंवा रबराचा बँड बसवतात, आणि गरज पडल्यास जोडीला अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन देतात. शस्त्रक्रियेची पाळी क्वचितच येते.

मात्र या तरुणाला चीरच पडली होती, हे दुर्बीण घातल्यावरच कळले. घरच्यांना पहाटे पाचला ते कळणे शक्य नव्हते. म्हणूनच ‘बहुतेकांचे आपोआप थांबते’ या वाक्यावर विसंबून घरी थांबणे फार धोक्याचे आहे. तशाच लाल उलटीमागे जठराचा व्रण असू शकतो, विशेषतः अंगदुखी-डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चालू असतील तर. त्याहून भयंकर म्हणजे अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा. वर्षानुवर्षे पिऊन यकृत निबर झाले की आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. ते रक्त अन्ननलिकेच्या शिरांमधून वाट काढते आणि त्या शिरा फुगत जातात. एक दिवस त्यातली एखादी फुटते. तिथे ओकाऱ्या लागतातच असे नाही, दुखतही नाही. पहिलीच उलटी भांडेभर रक्ताची होते आणि माणूस तासाभरात हातचा जाऊ शकतो. आधी कावीळ झालेली, पोटात पाणी साठलेले किंवा पायावर सूज असलेल्या माणसाला रक्ताची उलटी झाली तर हाच प्रकार धरून चालावे. उलट्यांचा क्रम विचारून अंदाज बांधता येतो, पण खात्री होत नाही. चीर पडलेल्यांपैकीही काहींना पहिल्याच उलटीत रक्त दिसते.

तिसरा प्रकार दुर्मीळ, पण ओळखता आलाच पाहिजे असा. ओकारीच्या जोराने अन्ननलिकेची भिंत आरपार फाटते. नेदरलँड्समधील डॉक्टर हर्मन बोअरहावे यांनी १७२४ मध्ये याचे पहिले वर्णन केले. भरपेट जेवणानंतर मुद्दाम उलटी काढणारा एक नौदल अधिकारी या फाटण्याने दगावला होता. यात रक्त थोडेच दिसते, पण उलटीपाठोपाठ छातीत असह्य कळ येते, ती पाठीकडे जाते आणि श्वास घेणे अवघड होते. काहींच्या मानेची कातडी फुगते आणि दाबल्यावर बोटाखाली चुरचुरते, कारण तिथे हवा शिरलेली असते. अन्नरस छातीत सांडत असल्याने इथे प्रत्येक तास मोलाचा असतो.

म्हणून उलटीत रक्त दिसले की त्याच वेळी रुग्णालय गाठावे, दुसऱ्या उलटीची वाट पाहू नये. रक्त कॉफीच्या चोथ्यासारखे काळपट दिसले तरी ते रक्तच, फक्त जठरातल्या आम्लात थोडा वेळ राहिलेले. पेलाभर रक्त किंवा गुठळ्या पडणे, उठताना डोळ्यांपुढे अंधारी, थंड घाम, धडधड, गुंगी, डांबरासारखी काळी चिकट शौच, किंवा छातीत-पोटात तीव्र दुखणे, यांपैकी एकही असेल तर गाडी शोधत न बसता १०८ ला फोन करावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही थोड्या रक्तावर थांबू नये. रुग्णवाहिका येईपर्यंत माणसाला कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, लिंबू सरबत, ताक, काहीही पाजू नये. दुर्बिणीसाठी जठर रिकामे लागते. वेदनाशामक गोळी तर मुळीच नको. जुन्या औषधांच्या पट्ट्या सोबत घ्याव्यात आणि किती रक्त पडले ते डॉक्टरांना वाटी-पेल्याच्या मापात सांगावे.

रुग्णालयात हिमोग्लोबिन १४ आले म्हणून नातेवाईक सुटकेचा श्वास टाकतात आणि घरी सोडा म्हणतात. या आकड्याने फसू नये. पातेल्यातले निम्मे दूध सांडले तरी उरलेल्या दुधाचा दाटपणा तोच राहतो, पाणी मिसळल्यावरच ते पातळ होते. रक्ताचेही तसेच: शरीरातले पाणी रक्तवाहिन्यांत ओढले जायला आणि सलाईन मिसळायला काही तास लागतात, आणि तोवर हिमोग्लोबिन भरलेलेच दिसते. सुरुवातीला नाडी आणि रक्तदाब अधिक खरे बोलतात, म्हणून डॉक्टर ते पुन्हा पुन्हा मोजतात.

चीर भरून घरी आल्यावर दोन-तीन दिवस शौच काळसर होऊ शकते. ते आधी सांडलेले रक्त असते. पण काळेपणा वाढत गेला, पुन्हा लाल उलटी झाली किंवा चक्कर आली, तर चीर पुन्हा वाहू लागली असे समजून परत जावे. आम्ल कमी करणारी गोळी डॉक्टर सांगतील तितके दिवस घ्यायची असते. चीर नुकती भरत असताना पुन्हा दारू आणि पुन्हा उलट्या झाल्या तर ती त्याच जागी उसवू शकते. नेहमी पिणाऱ्याच्या यकृताची तपासणी या निमित्ताने करून घेतलेली बरी, कारण फुगलेल्या शिरा फुटण्याआधी दुर्बिणीत सापडल्या तर त्यांवर औषध किंवा बँडचा उपाय करता येतो.