गेल्या वर्षीचा आलेख, यंदाची तिथी

२०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. अठरा दिवसांचा हा फरक अधिक ज्येष्ठामुळे पडला. घरच्या घरी यूट्यूब चॅनल चालवणाऱ्या मराठी कुटुंबांची सणासुदीची आखणी बहुतेक वेळा इथेच चुकते. गेल्या वर्षी मोदकाचा व्हिडिओ ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात उचलला होता, म्हणून यंदाही तेव्हाच टाकायचा असं ठरतं. पण २०२६ चा ९ ऑगस्ट आषाढात येतो. दीप अमावास्या तीन दिवसांवर असते आणि घरोघरी शोध चाललेला असतो तो कोंबडी-वड्यांचा. उकडीच्या पारीला तेव्हा कोण विचारणार?

म्हणून गेल्या वर्षीचा आलेख वापरायचा तर आधी त्याच्या तळाच्या तारखा पुसून तिथे तिथी लिहाव्या लागतात. चतुर्थीचा दिवस शून्य धरायचा, त्याआधीचे दिवस उणे एक, उणे दोन असे मोजायचे, नंतरचे अधिक. दिवाळीसाठी लक्ष्मीपूजन शून्य. संक्रांत तेवढी सूर्यावर चालते, ती १४-१५ जानेवारीला येते आणि तिच्यासाठी इंग्रजी तारीख चालते. तिळगुळाचा अंदाज बरोबर येतो म्हणून मोदकाचाही तसाच येईल, असं मात्र नाही.

आता आलेख काढायचा कुठून, ते पाहू. यूट्यूब स्टुडिओच्या ॲनालिटिक्समध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड मोड’ असतो. तिथे एक व्हिडिओ निवडून गेल्या वर्षीच्या १ जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ घ्यायचा आणि रोजचे व्ह्यूज मागायचे. मग ते ‘ट्रॅफिक सोर्स’प्रमाणे वेगळे करायचे, म्हणजे प्रेक्षक कोणत्या वाटेने आले ते दिसतं. आकडे शीटमध्ये उतरवून घेता येतात. एवढं दहा मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत त्यानंतरची, कारण समोर आलेली रेष लोकांच्या गरजेची आहे की आपल्याच घाईची, हे ओळखायचं असतं.

समजा, सांगलीतलं एक कुटुंब आहे. सासूबाई रांधतात, सून कॅमेरा आणि एडिटिंग पाहते, मुलगा आणि नातू मिळून मखर करतात. पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. त्यांच्याकडे उकडीच्या मोदकांचा २०२३ मधला एक व्हिडिओ आहे आणि २४ ऑगस्ट २०२५ ला, म्हणजे चतुर्थीच्या तीन दिवस आधी टाकलेला मखराचा एक. दोन्हींचे आलेख ऑगस्टच्या शेवटी वर गेलेले दिसतात. मखराच्या व्हिडिओची सर्वांत उंच रेघ २५ ऑगस्टला आहे. यावरून कुणी म्हणेल, लोक मखर चतुर्थीच्या दोन दिवस आधी बघतात. तसं नाही. व्हिडिओ टाकला आणि दुसऱ्या दिवशी तो चढला, एवढंच तिथे घडलंय. ट्रॅफिक सोर्स उघडला की बहुतेक व्ह्यूज होमपेज आणि नोटिफिकेशनवरून आलेले असतात, शोधातून आलेले अगदी थोडे. ही रेष अपलोडच्या तारखेला बांधलेली आहे. तो व्हिडिओ ५ ऑगस्टला टाकला असता तर शिखर ६ ऑगस्टला दिसलं असतं.

मोदकाची गोष्ट वेगळी. तो दोन वर्षं जुना आहे. त्याला आता कुणी ढकलत नाही, लोक स्वतः शोधत येतात. म्हणून मागणी मोजायला जुना व्हिडिओ आणि त्यातही फक्त ‘यूट्यूब सर्च’चे व्ह्यूज घ्यावेत. आलेखाची उंची महत्त्वाची नाही. रोज पन्नास व्ह्यूजवाल्या व्हिडिओचा चढही त्याच दिवसांत दिसतो.

सूनबाईंनी जुलैची सरासरी काढली, तर शोधातून रोज चाळीस व्ह्यूज. ११-१२ ऑगस्टला आकडा एकदम दीडशेवर गेला आणि १३ ला पुन्हा पन्नासवर आला. १५ ऑगस्टला नव्वद, मग एकशे दहा, एकशे चाळीस, आणि तिथून तो खाली आलाच नाही. मग चढाची सुरुवात ११ ची की १५ ची? पंचांग उघडलं की उलगडा होतो. १२ ऑगस्ट २०२५ ला मंगळवार होता आणि संकष्टी, म्हणजे अंगारकी. तो उंचवटा त्या उपवासाचा. मोदकाच्या व्हिडिओला असा छोटा उंचवटा एरवीही दर महिन्याला येतो, अंगारकीला जरा मोठा. त्यामुळे एका दिवसाच्या उडीवर विश्वास ठेवू नये. आकडा नेहमीच्या दुपटीवर गेला आणि सलग तीन दिवस तिथेच राहिला, तर त्यातला पहिला दिवस सुरुवातीचा धरावा. इथे तो १५ ऑगस्ट, म्हणजे उणे बारा.

शिखर मात्र बुचकळ्यात टाकतं. सर्वांत जास्त व्ह्यूज, समजा तीन हजार, २६ ऑगस्टला दिसतात आणि प्रत्यक्ष चतुर्थीला फक्त नऊशे. सासूबाई लगेच म्हणतील, ‘छे, मोदक कोणी आदल्या दिवशी करतं का!’ त्यांचंच बरोबर आहे. यूट्यूबच्या रोजच्या आकड्यांचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार चालतो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा वाजलेले असतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारनंतर दीड. म्हणजे यूट्यूबचा २६ ऑगस्ट आपल्या २७ च्या दुपारी साडेबाराला संपतो. चतुर्थीच्या सकाळी एका हातात उकड आणि दुसऱ्या हातात फोन धरून पाहिलेले सगळे व्ह्यूज आदल्या दिवसाच्या खात्यावर जमा होतात. नैवेद्य झाल्यावर उरतात ते नऊशे. आखणी आठवड्यांची असेल तर याने फारसं बिघडत नाही. पण सकाळी व्हिडिओ पुन्हा कम्युनिटी पोस्टमध्ये द्यायचा की आदल्या रात्री, हे ठरवताना असा आलेख फसवतो.

चढ उणे बारापासून असेल, तर व्हिडिओ त्याआधी शोधात रुजलेला हवा. त्याला किती दिवस लागतात याचा सर्वांना लागू होणारा नियम नाही. ज्याने त्याने आपल्या मागच्या चार-पाच पाककृती पाहाव्यात आणि टाकल्यापासून कितव्या दिवशी शोधातून येणारे व्ह्यूज स्थिरावले ते मोजावं. या घरी ते सहसा सहा दिवस भरतात. २०२६ चा उणे बारा म्हणजे २ सप्टेंबर, त्यातून सहा वजा केले की २७ ऑगस्ट. तारीख ठरली, असं वाटतं. पण २८ ऑगस्टला नारळी पौर्णिमा आहे आणि त्या आठवड्यात चॅनलचा जुना नारळी भात वर येत असतो. हे यंदाच नाही, दरवर्षी व्हायचं, कारण पौर्णिमा ते चतुर्थी हे अंतर साधारण अठरा-एकोणीस दिवसांचंच असतं. म्हणून मोदक दोन दिवस मागे, मंगळवारी २५ ऑगस्टला.

याहून फार आधी गेलं तर काय होतं, तेही आकड्यांत दिसतं. इम्प्रेशन म्हणजे थंबनेल किती वेळा समोर आलं, ते नेहमीइतकंच राहतं आणि त्यावर क्लिक करणाऱ्यांचं प्रमाण घसरतं. व्हिडिओ लोकांना दिसला, पण अजून नको होता. उशीर झाला तर उलट होतं. शोधातून जे थोडे येतात ते मन लावून बघतात, पण इम्प्रेशनच मिळत नाहीत, कारण शोधाच्या वरच्या जागा आधीच भरलेल्या असतात.

मखरासाठी जुना यशस्वी व्हिडिओ नसेल तर गुगल ट्रेंड्सवर ‘यूट्यूब सर्च’ निवडून महाराष्ट्रापुरतं पाहता येतं. तिथे व्ह्यूज मिळत नाहीत, शून्य ते शंभर असा सापेक्ष अंक मिळतो. आपल्याला चढ कधी सुरू होतो आणि कधी पडतो एवढंच हवं असल्याने तो पुरतो. मखराला सामान आणायचं, कापायचं, चिकटवायचं असतं. म्हणून त्याचा शोध मोदकाच्या बराच आधी सुरू होऊन आदल्या रात्री संपतो, तर मोदकाचा नेमका तेव्हा टोकाला असतो. मखराचा व्हिडिओ नारळी पौर्णिमेच्या आधी गेला पाहिजे, आणि इथे घरगुती अडचण उभी राहते, कारण मखर तयार असायला हवं. काही घरं यासाठी गेल्या वर्षीच शूट करून ठेवतात, ते शहाणपणाचं. मोदकाचं शूटिंगही असंच अडतं. नैवेद्याशिवाय मोदक कॅमेऱ्यासाठी करायला सासूबाई तयार नसतात. मग ऑगस्टच्या सुरुवातीची संकष्टी गाठायची, म्हणजे देवाचंही होतं आणि व्हिडिओचंही.

‘आमच्या घरचा गणपती’ छापाच्या व्लॉगला मात्र हा सगळा हिशेब लावू नये. तो कुणी शोधत नाही, सबस्क्रायबर बघतात. आगमन झालं की दुसऱ्या दिवशी टाकावा.

जुना मोदक चालतोय तर नवा कशाला, हा प्रश्न उरतो. यूट्यूबवर टाकलेल्या व्हिडिओची फाइल बदलता येत नाही, शीर्षक आणि थंबनेल बदलता येतं. त्यामुळे जुना काढून तोच नव्याने टाकला तर जमलेल्या कमेंट्स आणि शोधातली जागा दोन्ही जातात. तसाच दुसरा टाकला तर आपलेच दोन व्हिडिओ एकाच शोधात एकमेकांशी भांडतात. त्यापेक्षा जुन्याचे सर्च टर्म आणि कमेंट्स वाचाव्यात. तिथे ‘पारी फुटते’ किंवा ‘पीठ कुठलं’ असं पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर नवा व्हिडिओ तेवढ्यापुरता करावा आणि जुन्याच्या पिन केलेल्या कमेंटमध्ये त्याची लिंक द्यावी.

गेल्या वर्षीच्या आलेखात जे घडलंच नाही, ते त्यात दिसत नाही. २०२५ च्या अनारशांना दिवाळीचं एकच शिखर आहे. २०२६ मध्ये मात्र १७ मे ते १५ जून अधिक महिना, म्हणजे जावयाचं वाण आणि त्यासाठी तेहतीस अनारसे. त्याचा अंदाज हवा तर २०२३ चा अधिक श्रावण उघडावा लागतो, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. त्यातही अनारशाचं शिखर वाणाच्या दिवसाच्या आधीच येणार, कारण तांदूळ तीन दिवस भिजतात आणि मग गूळ घालून पीठ मुरायला ठेवावं लागतं. मात्र इतकं मागे जाताना शॉर्ट्सचे आकडे बाजूला ठेवावेत. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट सुरू झाला वा पुन्हा वाजला की तो व्ह्यू मोजला जातो, पूर्वी तसं नव्हतं. २०२३ चा शॉर्ट आणि २०२५ चा शॉर्ट शेजारी ठेवले, तर दुसरा उगाच उंच दिसेल. स्टुडिओत ‘एंगेज्ड व्ह्यूज’ हा वेगळा आकडा मिळतो, तुलना करायचीच तर त्याच्याशी करावी.