एका ओळीतले एकेचाळीस रुपये

पुण्याच्या चाकण-भोसरी पट्ट्यातल्या वाहनउद्योगात मेकॅनिकल डिझाइन इंजिनिअरच्या जागेसाठी जे रेझ्युमे येतात, त्यांतल्या बहुतेकांत एक ओळ हमखास सापडते : ‘डिझाइनमध्ये सुधारणा करून खर्च १० टक्क्यांनी कमी केला.’ ही ओळ खोटी असेलच असं नाही. पण वाचणारा डिझाइन विभागाचा प्रमुख असेल, तर तिच्यातून त्याला काहीच कळत नाही. कशाचा खर्च, कोणत्या बदलाने, आणि तो बदल प्रत्यक्षात आला की बैठकीतल्या स्लाइडवरच राहिला?

या ओळीमागे खरं काम असेल तर ते कसं दिसतं, हे एका उदाहरणावरून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण गणित कारखान्यातलंच आहे.

एका पंपाचं ॲल्युमिनियमचं कव्हर. ते पंपाच्या बॉडीवर एम-८ म्हणजे ८ मिलिमीटर व्यासाच्या सहा स्क्रूंनी बसतं. कव्हरमध्ये ९ मिलिमीटरची आरपार भोकं, बॉडीत आटे पाडलेली भोकं. ड्रॉइंगवर कव्हरमधल्या भोकांच्या जागेला टॉलरन्स दिला होता ±०.०५ मिलिमीटर. टॉलरन्स म्हणजे मापात चालणारी सूट. बरोब्बर ठरलेल्या मापाचा तुकडा कोणतंच मशीन काढत नाही, म्हणून किती कमीजास्त चालेल हे डिझाइनरने सांगायचं असतं. आता ०.०५ म्हणजे कागदाच्या जाडीपेक्षाही कमी. इतकी काटेकोर सूट कशासाठी, असं विचारल्यावर खरं उत्तर बहुधा एकच निघतं : जुन्या ड्रॉइंगवर होती, तशीच पुढे आली.

गरज किती आहे ते साध्या बेरीज-वजाबाकीने कळतं. ९ मिलिमीटरच्या भोकात ८ मिलिमीटरचा स्क्रू गेला की चारी बाजूंनी अर्धा मिलिमीटर मोकळा राहतो. हा अर्धा मिलिमीटर कव्हर आणि बॉडी यांच्यात वाटून घ्यायचा. कव्हरमधलं भोक आपल्या जागेपासून कोणत्याही दिशेला पाव मिलिमीटर सरकलं आणि बॉडीतलं भोक नेमकं उलट्या दिशेला पाव मिलिमीटर सरकलं, तरी स्क्रू बसतो. ड्रॉइंगच्या भाषेत, भोकाच्या केंद्राला ०.५ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं. म्हणजे आधीची अट गरजेच्या पाचपट कडक होती.

पण इथेच घाई करणारा डिझाइनर फसतो. कव्हरच्या मधोमध ऑइल सील बसतं आणि त्याचं केंद्र शाफ्टच्या केंद्राशी जुळावं लागतं, नाहीतर काही दिवसांत तिथून तेल गळू लागतं. ही जुळणी स्क्रू करत नाहीत, दोन डॉवेल पिना करतात. त्यामुळे पिनांच्या भोकांचा टॉलरन्स होता तितकाच कडक ठेवायचा आणि स्क्रूंच्या भोकांचा तेवढा सैल करायचा. कव्हर जाड असेल तर आणखी एक काळजी : बॉडीतलं आट्याचं भोक किंचित तिरकं असलं तर स्क्रू वर येईपर्यंत तो तिरकेपणा वाढत जातो, तेव्हा पाव मिलिमीटरचा हिशेब पुन्हा तपासावा लागतो. मुलाखतीत नेमका हाच प्रश्न येतो : ‘काय सैल केलं नाहीत, आणि का?’ ज्याने काम स्वतः केलंय तो इथे थांबत नाही.

आता पैसे. सूट वाढल्यावर भोकं पाडायचा वेळ घटला, त्याचे प्रत्येक कव्हरमागे १८ रुपये वाचले. सीएमएम या मोजणी यंत्रावर नेण्याऐवजी साध्या गेजवर तपासणी होऊ लागली, त्याचे ९. स्क्रूच्या भोकापायी नापास होणारे तुकडे थांबले, त्याचे १४. एकूण ४१ रुपये. कव्हर आधी ४१२ रुपयांना पडत होतं, म्हणजे बचत जवळपास १० टक्के. वर्षाला ६०,००० कव्हरं धरली तर २४ लाख ६० हजार. त्यातून नव्या गेजचा आणि नव्याने मंजुरी घेण्याचा खर्च वजा करायचा. तो वजा न करता लिहिलेली रक्कम अनुभवी माणसाच्या नजरेतून सुटत नाही.

मंजुरीचा मुद्दा रेझ्युमेत फार क्वचित दिसतो. ‘संकल्पनेपासून उत्पादनापर्यंत सगळं हाताळलं’ हे वाक्य मात्र सर्रास असतं. नवा भाग टप्प्याटप्प्याने घडतो : संकल्पना, तपशीलवार डिझाइन, प्रोटोटाइप, चाचण्या, पायलट लॉट आणि मग नियमित उत्पादन. एका इंजिनिअरने हे सगळे टप्पे स्वतः पार पाडलेत, असं मोठ्या कंपनीत सहसा घडत नाही. आणि टप्प्यावर बरंच अवलंबून असतं. हाच टॉलरन्स तपशीलवार डिझाइनच्या वेळी बदलला असता, तर ड्रॉइंगवरचा आकडा तेवढा बदलला असता. उत्पादन सुरू झाल्यावर बदलायचा तर बदलाची रीतसर नोंद काढायची, पुरवठादाराकडून नवे नमुने मागवायचे, ते मोजायचे आणि ग्राहक कंपनीची मंजुरी मिळेपर्यंत जुनंच कव्हर चालू ठेवायचं. चालू उत्पादनात बदल करून दाखवला असेल, तर ते आवर्जून लिहावं. तो अनुभव वेगळाच मोलाचा असतो.

कॅडच्या बाबतीत माझं मत जरा कडवट आहे. सॉलिडवर्क्स, कॅटिया, क्रिओ, एनएक्स अशी नावं आणि पुढे पाचपैकी साडेचार चांदण्या, हा प्रकार बंद व्हायला हवा. चांदण्या कोणी दिल्या? सॉफ्टवेअरची नावं हवीतच, कारण मनुष्यबळ विभागातली पहिली चाळण त्या नावांवरच लागते. त्यापुढे मात्र त्या सॉफ्टवेअरमध्ये काय केलं ते लिहावं : शीट मेटलचे भाग, कास्टिंग, की प्लॅस्टिकच्या वक्र पृष्ठभागांचं काम, किती सुट्या भागांची असेम्ब्ली, नुसतं थ्रीडी मॉडेल, की टॉलरन्ससह पूर्ण ड्रॉइंगही. कॅटियात सहा वर्षं कास्टिंगची ड्रॉइंग काढणारा आणि त्याच कॅटियात कारच्या डॅशबोर्डचे पृष्ठभाग घडवणारा, हे दोघे एकमेकांच्या खुर्चीत बसू शकत नाहीत.

हे सगळं जमवून वरची ओळ नव्याने लिहिली, तर मराठीत ती साधारण अशी होईल : ‘चालू उत्पादनातल्या ॲल्युमिनियम पंप कव्हरच्या स्क्रू-भोकांचा टॉलरन्स स्टॅक-अप काढून ±०.०५ वरून ०.५ मिलिमीटर व्यासाच्या पोझिशन टॉलरन्सवर आणला; डॉवेलची भोकं कायम; भागाची किंमत १० टक्के कमी; ग्राहकाची मंजुरी मिळून बदल लागू. माझं काम : स्टॅक-अप, कॅटियातलं ड्रॉइंग आणि बदलाची नोंद.’ शेवटचं वाक्य टाळू नये. किमतीची बोलणी खरेदी विभागाने केली असेल आणि गेज क्वालिटीवाल्यांनी बनवून घेतलं असेल, तर ते श्रेय आपल्या नावावर ओढलेलं दुसऱ्याच प्रश्नात उघडं पडतं.

टक्के लिहावेत, रुपये नाहीत. ४१२ हा आकडा कंपनीचा आहे, तसंच ग्राहकाचं नाव, पार्ट नंबर आणि ड्रॉइंगही. नोकरीत रुजू होताना गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. आणि जुन्या कंपनीचं ड्रॉइंग मुलाखतीत उघडून दाखवणारा उद्या आपलंही असंच दाखवेल, हे समोरच्याला लगेच कळतं. काही दाखवायचंच असेल, तर स्वतः घरी बनवलेलं मॉडेल न्यावं.

ज्यांना अजून नोकरीच नाही, त्यांच्याकडे खर्चकपातीचा आकडा कुठून येणार? येत नाही, आणि ओढूनताणून आणूही नये. पण कॉलेजच्या बाहा गाडीसाठी हब बनवला असेल, तर बेअरिंगच्या बोअरचं ड्रॉइंगवरचं माप, लेथवरून आल्यावर प्रत्यक्ष भरलेलं माप आणि बेअरिंग सैल बसल्यावर काय केलं, एवढं दोन ओळींत लिहिता येतं.