साउंडबॉक्स बोलला, मग पैसे कुठं अडकले? क्यूआर, सेटलमेंट आणि कपातीचा हिशोब

आजचा एपिसोड त्या पोरापोरींसाठी, ज्यांच्या घरचं दुकान आहे आणि "हे क्यूआरचं तू बघ" म्हणून काम ज्यांच्या गळ्यात पडलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

समजा, कुहीत बाबांचं किराणा दुकान आहे. दिवसभरात क्यूआरवर 8,000 रुपये जमा झाले, प्रत्येक वेळी साउंडबॉक्स बोललाही. रात्री बाबा बँकेचा बॅलन्स बघतात, तर त्यातलं काहीच नाही. सकाळी नागपूरला इतवारीत माल भरायला जायचंय. दुसऱ्या दिवशी पैसे येतात, तेही 7,804 रुपये 20 पैसे. बाकीचे गेले कुठं?

आधी वेळेचं बघू

दुकानात लागणारे क्यूआर ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला तुमच्या स्वतःच्या यूपीआय ॲपमधला वैयक्तिक क्यूआर. त्यावरचे पैसे थेट बँक खात्यात, लगेच. दुसरा पेमेंट कंपनीचा व्यापारी क्यूआर, ज्याच्यासोबत साउंडबॉक्स मिळतो. इथं पैसे बहुतेक वेळा आधी कंपनीच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त दुकानदारांना द्यायची रक्कम ठेवायच्या वेगळ्या खात्यात जातात. मग दिवसभराची सगळी रक्कम एकत्र करून तुमच्या खात्यात टाकतात. यालाच सेटलमेंट म्हणायचं.

म्हणजे साउंडबॉक्स "पैसे मिळाले" म्हणतो, तेव्हा गिऱ्हाइकाचं काम झालेलं असतं. तुमच्या खात्यात पैसे आले, असा त्याचा अर्थ नाही. बऱ्याच ठिकाणी रक्कम दुसऱ्या दिवशी येते. काही ॲपमध्ये लगेच सेटल करायचं बटण असतं, पण त्याला चार्ज आहे का, ते दाबायच्या आधी वाचा. पहाटे माल भरायचा असेल, तर आदल्या रात्रीच्या विक्रीवर भिस्त ठेवू नका.

आता कमी आलेले 195 रुपये 80 पैसे

बँक खात्यातून केलेल्या साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराला एमडीआर, म्हणजे व्यवहारामागचं कमिशन, लागत नाही. 1 जानेवारी 2020 पासून तो शून्य आहे. मग कपात कशाची?

समजा त्या 8,000 मध्ये एका गिऱ्हाइकाने 3,000 रुपये यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डातून दिले. बाबांना फरक कळणारच नाही, आवाज तोच येतो. पण हा कार्डाचा व्यवहार झाला. छोट्या दुकानदाराला 2,000 पर्यंत त्यावर एमडीआर नसतो, त्याच्या वर लागतो. दर करारानुसार. आपण 2 टक्के धरू: 60 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 10.80. झाले 70.80.

उरले 125. ते साउंडबॉक्सचं महिन्याचं भाडं, आपल्या उदाहरणात जीएसटीसह. ते बऱ्याचदा वेगळं मागत नाहीत, एखाद्या दिवसाच्या सेटलमेंटमधूनच वळतं करतात. म्हणून "यूपीआय फुकट आहे" आणि "पैसे कापले" या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ॲपमधून व्यापाऱ्याचं कर्ज घेतलं असेल, तर त्याचा रोजचा हप्ताही असाच जातो.

गिऱ्हाइकाशी वाद होतो तो इथं

गिऱ्हाईक 12 आकडी यूटीआर नंबर दाखवतं, बाबा तो पासबुकात शोधतात, सापडत नाही, आणि तोंडातोंडी सुरू! अहो, सापडणारच नाही. पासबुकात एकत्रित रकमेची एकच नोंद असते आणि तिचा नंबर वेगळा असतो. गिऱ्हाइकाचा नंबर व्यापारी ॲपच्या व्यवहारांच्या यादीत शोधायचा. तिथं "यशस्वी" दिसला, तर गिऱ्हाईक खरं बोलतंय. तिथंही नसेल, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर माल देऊ नका. तो बनावटही असू शकतो.

कधी गिऱ्हाइकाचे पैसे खरंच कटतात, पण दुकानाकडे पोचल्याची खात्री येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने असे पैसे व्यवहारानंतर 5 दिवसांत आपोआप परत जायला हवेत. त्यानंतर उशीर झाला, तर बँकेने गिऱ्हाइकाला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते.

मग वैयक्तिक क्यूआरच बरा का?

पैसे लगेच येतात, भाडं नाही, हे खरं. पण त्यावर क्रेडिट कार्डातून यूपीआय चालत नाही, आणि दुकानाचे व्यवहार घरखर्चात मिसळतात. शिवाय बाबांचा फोन बाबांजवळच असेल, तर गल्ल्यावर बसलेल्या आईला पैसे आलेत की नाही, कळत नाही.

आज एकच काम करा. ॲपमध्ये कालचं सेटलमेंट उघडा: एकूण जमा, कपात आणि निव्वळ रक्कम. निव्वळ रक्कम पासबुकातल्या नोंदीशी जुळवा. कपातीच्या ओळीवर बोट ठेवलं की ती कशाची, ते दिसतं. कळली नाही, तर ॲपमधूनच तक्रार टाका आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!