ड्यूकचा पडदा

गंभीर एकपात्री प्रवेशाचं विनोदी रूप करायला बसलेला लेखक बहुतेक वेळा आधी कथानकालाच हात घालतो. दु:खाचा प्रसंग गाळतो, मध्ये एखादा विसराळू नोकर घुसवतो, शेवट बदलतो. त्यातून नवा विनोदी प्रवेश तयार होतो, पण मूळ प्रवेशाशी त्याचं नातं उरत नाही. खरं काम याहून अवघड आणि जास्त आनंदाचं आहे. प्रसंग तेच ठेवायचे, क्रम तोच ठेवायचा आणि तरी प्रेक्षकाला हसवायचं. हे कसं जमतं, ते एका प्रसिद्ध कवितेच्या आधारे पाहू.

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ १८४२ साली प्रसिद्ध झाली. ओळी अवघ्या ५६ आणि बोलणारा एकच, इटलीतल्या फेरारा शहराचा ड्यूक. त्याच्या दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या वकिलाला तो आपल्या दिवंगत पत्नीचं चित्र दाखवतो. वकील पूर्ण कवितेत एक शब्दही बोलत नाही. त्याचे प्रश्न, त्याची चुळबुळ आपल्याला ड्यूकच्या बोलण्यातूनच कळते. हे तंत्र मराठी वाचकाला परकं नाही. दिवाकरांनी १९११पासून ज्या नाट्यछटा लिहिल्या, त्यांमागे ब्राउनिंगच्या अशाच कवितांची प्रेरणा होती. म्हणून ही कविता हलक्या सुरात मराठीत आणायची, तर नाट्यछटेचा घाट आयता हाताशी आहे.

पहिलं काम कागदावरचं. कवितेतले टप्पे उतरवून काढायचे आणि प्रत्येकासमोर लिहायचं, की हे ऐकल्यावर वकिलाला नवीन काय कळलं. ड्यूक चित्रावरचा पडदा सारतो, तो त्याच्याशिवाय कुणी सारत नाही. चित्रकाराच्या साध्या कौतुकानेही पत्नीचा चेहरा खुलत असे, असं तो सांगतो. मावळता सूर्य, कुणी आणून दिलेली चेरीची फांदी, तिचं पांढरं खेचर, या सगळ्यांवर ती सारखीच खूश. नऊशे वर्षांच्या घराण्याचं नाव दिलं, त्याचंही तिला तेवढंच मोल. तिला समजावणं म्हणजे स्वत: खाली वाकणं, म्हणून तो बोलला नाही. मग त्याने हुकूम दिले आणि तिचं हसू थांबलं. लगेच ‘चला खाली’, हुंड्याची गोष्ट आणि जाता जाता नेपच्यूनचा कांस्यपुतळा.

ही यादी शांतपणे वाचली की एक गोष्ट ध्यानात येते. पत्नीचा अपराध अगदीच क्षुल्लक आहे आणि त्याला मिळालेली शिक्षा भयंकर आहे. कवितेतली भीती या तफावतीतून येते. विनोदही तफावतीतूनच येतो. त्यामुळे यंत्र बदलावं लागत नाही. फक्त शिक्षेची किंमत कमी करावी लागते, म्हणजे कुणाचा जीव जाता कामा नये. आणि तेवढी जागा ब्राउनिंगने स्वत:च ठेवली आहे. हुकूम नेमका कशाचा, हे कवितेत सांगितलेलं नाही. पुढे कवीला विचारलं, तेव्हा त्याने आधी मृत्युदंड म्हटलं, आणि मग जोडलं की कदाचित तिला मठातही धाडलं असेल. हलक्या आवृत्तीने हा मठ घ्यावा.

ड्यूकचा आवाज मात्र जराही हलका करायचा नाही. त्याला आपण हास्यास्पद आहोत याची शंकासुद्धा येता कामा नये. तो गंभीरच राहतो:

‘हं, थांबा वकीलसाहेब! पडद्याला हात नको. तो मीच ओढतो. … काय म्हणालात? एवढी का हसतेय? सगळे हेच विचारतात. चित्रकार म्हणाला, बाईसाहेब, शाल जरा मनगटावरून सरकली आहे… हसली! सूर्य बुडाला, हसली. कुणी चेरीची फांदी आणून दिली, हसली. पांढरं खेचर दिसलं, हसली! आणि मी नऊशे वर्षांचं घराणं दिलं, तेव्हा? तेव्हाही हसली. पण खेचराइतकंच! मी नीट पाहिलंय.’

इथे एकही घटना नवी नाही. फक्त मूळ कवितेत वाक्यांच्या ओघात वाहून जाणाऱ्या गोष्टी सुट्या करून एकाच शब्दावर आपटल्या आहेत. सूर्य, फांदी, खेचर हा क्रमही तसाच हवा, कारण खेचरानंतर घराणं आलं तरच टोला बसतो. वाकण्याचा टप्पा ड्यूक शब्दश: घेतो, म्हणून तो विनोदी होतो: ‘सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे वाकायचं. आमच्या घराण्यात कुणी वाकलेलं नाही. जोड्याचा बंद सुटला तर आम्ही जोडा बदलतो.’

सगळ्यात अवघड जागा हुकुमाची. मूळ कवितेत सर्वांत भयंकर बातमी सर्वांत कमी शब्दांत येते आणि पुढच्याच श्वासात ड्यूक पाहुण्याला उठायला सांगतो. अनेकजण नेमक्या इथेच विनोद पसरवतात आणि ताल जातो. विनोदी आवृत्तीतही हा टप्पा तोकडाच हवा: ‘मग मी हुकूम काढला. वाड्यात हसणं बंद. … ती? मठात. पलीकडच्या टेकडीवर. … छे, हसण्याचा कसला आवाज! त्या मठाच्या घंटाच तशा आहेत, खळखळून वाजतात. चला, खाली मंडळी खोळंबली आहेत.’

पुढे हुंडा. ‘आपले धनी उदार, हुंड्याचं अडणार नाही. अर्थात मला हवी आहे ती त्यांची मुलगी.’ हा टप्पा जसाच्या तसा ठेवावा. इथे ड्यूकला ‘ती फार हसते का हो?’ असं विचारायला लावण्याचा मोह होतो. वाक्य गमतीदार आहे, पण त्यात ड्यूकला आपली भीती कळल्याचं दिसतं. मूळ ड्यूकला तसं काहीच कळत नाही, म्हणजे नकळत नवा टप्पा शिरला. असं वाक्य कितीही आवडलं तरी काढावं. ती शंका पुतळ्याच्या आडून येऊ द्यावी: ‘हा नेपच्यून. समुद्रघोड्याला वठणीवर आणतोय. घोड्याचं तोंड जरा नीट बघा… हसत नाहीये ना? … नक्की? दोनदा ओतून घेतलाय.’

काम जमलं की नाही, हे तपासायची एक पद्धत आहे. पहिल्या यादीशेजारी दुसरी यादी मांडा. प्रत्येक टप्प्याला वकिलाला मूळ कवितेइतकंच कळलं पाहिजे, आधी नाही आणि नंतर नाही. पडदा सारतानाच प्रेक्षकाला मठ कळला असेल, तर बाकीचं सगळं फुकट.

उलटी वाटही चालता येते. चेखवने ‘तंबाखूचे दुष्परिणाम’ हा एकपात्री प्रवेश १८८६ साली हास्यप्रधान लिहिला आणि १९०२पर्यंत तो पुन:पुन्हा बदलत राहिला. व्याख्यानाला उभा राहिलेला बायकोचा धाक असलेला नवरा तसाच राहिला, फक्त शेवटच्या रूपात त्याचं दु:ख उघडं पडलं.

या कवितेपुरती एक मर्यादा पाळायलाच हवी. ड्यूकमागे खरा माणूस आहे असं मानतात, फेराराचा दुसरा अल्फोन्सो. त्याची पहिली पत्नी लुक्रेझिया १५६१ साली गेली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. विषप्रयोगाची अफवा उठली होती. त्या मुलीच्या मृत्यूवर हसू उभारणं मला मान्य नाही. म्हणून हलक्या आवृत्तीतून फेरारा हे नाव काढावं, ड्यूकला कल्पित गाव द्यावं. आणि रंगमंचावर दोन्ही रूपं करायची असतील, तर एकाच नटाने, त्याच खुर्चीशेजारी आणि त्याच पडद्यासमोर करावीत, पण गंभीर प्रवेश आधी करावा. आधी हसलेला प्रेक्षक मग ड्यूकला घाबरत नाही.