चौकोनी नळीला गोल आकडा चालत नाही

1981 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीस यांनी सिलिकॉनच्या एका चकतीत केसापेक्षा बारीक खाचा कोरल्या. प्रत्येक खाच 50 मायक्रॉन रुंद, सुमारे 300 मायक्रॉन खोल आणि एक सेंटिमीटर लांब. दोन खाचांमध्ये 50 मायक्रॉनची भिंत आणि वरून काचेचं झाकण. या खाचांतून त्यांनी सेकंदाला 8.6 घनसेंटिमीटर पाणी सोडलं आणि एक चौरस सेंटिमीटर जागेतून 790 वॅट उष्णता बाहेर काढली. आत येणाऱ्या पाण्याच्या तुलनेत चकतीचं तापमान फक्त 71 अंशांनी वाढलं. संगणकाच्या चिपा पाण्याने थंड करण्याच्या आजच्या बऱ्याच तंत्राचं मूळ या प्रयोगात आहे.

इतक्या बारीक वाटेतून पाणी जातं तेव्हा ते खळाळत नाही. थर एकमेकांवरून सरकत जातात, मिसळत नाहीत. याला स्तरीय प्रवाह म्हणतात. प्रवाह कोणत्या जातीचा हे रेनॉल्ड्स अंकावरून ठरतं. तो साधारण 2300 च्या खाली असेल तर प्रवाह स्तरीय राहतो. टकरमन-पीस यांच्या खाचांत पाणी सेकंदाला जवळजवळ सहा मीटर वेगाने धावत होतं, तरी हा अंक सहाशेच्या आसपासच येतो. थर मिसळत नसल्यामुळे भिंतीची उष्णता नळीच्या मध्यापर्यंत पोचायची तर पाण्यातून झिरपतच पोचणार. ती किती सहज पोचते ते नुसेल्ट अंक सांगतो. नळीच्या व्यासाला या अंकाने भागलं की जी जाडी येते, तेवढ्या स्थिर पाण्याचा थर जणू भिंतीला चिकटलेला आहे असं समजायचं. अंक जितका मोठा, तितका हा थर पातळ आणि उष्णतेची वाट सोपी.

आता प्रश्न असा की चौकोनी खाचेला व्यास कुठला? त्यासाठी हायड्रॉलिक व्यास वापरतात: काटछेदाचं क्षेत्रफळ चारने गुणायचं आणि पाण्याला टेकलेल्या परिघाने भागायचं. गोल नळीसाठी हे सूत्र तिचाच व्यास देतं, चौरसासाठी चौरसाची बाजू. 50 बाय 300 मायक्रॉनच्या खाचेसाठी उत्तर येतं सुमारे 86 मायक्रॉन.

इथवर सगळं सोपं आहे, आणि चूक नेमकी इथेच होते. खळाळत्या प्रवाहात हायड्रॉलिक व्यास काढला की गोल नळीची सूत्रं चौकोनी नळीलाही बऱ्यापैकी लागू पडतात, कारण तिथे भोवरे कोपरे सोडून बाकी सगळं घुसळून टाकतात. स्तरीय प्रवाहात घुसळणं नाही, म्हणून आकाराचा ठसा शेवटपर्यंत टिकतो. हायड्रॉलिक व्यास खाच केवढी ते सांगतो, कशी ते सांगत नाही. तिचा आकार कोष्टकातूनच घ्यावा लागतो. अशी कोष्टकं पूर्वीही होती, पण आर. के. शाह आणि ए. एल. लंडन यांनी 1978 मध्ये एका जाडजूड ग्रंथात डझनावारी आकारांची गणितं एकत्र केली. आजची पाठ्यपुस्तकं बहुतेक तिथूनच आकडे उचलतात.

भिंत लांबीभर सारखी उष्णता देत असेल तर गोल नळीचा नुसेल्ट अंक 4.36. चौरसाचा 3.61, कारण कोपऱ्यांत पाणी रेंगाळतं. पण आयत जसजसा चपटा होतो तसा अंक वाढत जातो: बाजूंचं प्रमाण दोन असेल तर 4.12, चार असेल तर 5.33, आठ असेल तर 6.49, आणि दोन अमर्याद समांतर पाट्यांमध्ये 8.23. आपल्या खाचेचं प्रमाण सहा, म्हणजे अंक सहाच्या जरा वर.

मग हिशेब करून पाहू. 86 मायक्रॉनला सहाने भागलं की 14 मायक्रॉनचा पाण्याचा थर उरतो. त्यातून एका चौरस मीटरमागे एका अंशाच्या फरकाला सुमारे 44 हजार वॅट जातात. गोल नळीचा 4.36 तसाच वापरला असता तर हा आकडा 31 हजारांच्या आसपास आला असता. सिलिकॉनच्या भिंती वर जाताना थोड्या थंड होतात, हे धरून भिंत आणि पाणी यांच्यातला फरक बरोबर आकड्याने 36 अंश येतो, चुकीच्या आकड्याने 48. पाणी स्वतः वाहता वाहता 22 अंशांनी तापतं, ते यात मिळवायचं. बेरीज अनुक्रमे 58 आणि 70.

गंमत पाहा: चुकीच्या आकड्याचं उत्तर मोजलेल्या 71 ला जास्त जवळचं दिसतं! पण खाचांखालच्या सिलिकॉनच्या तळातूनही उष्णतेला जावं लागतं, आणि इतक्या उष्णतेला दर 100 मायक्रॉन सिलिकॉनमागे पाच-सहा अंश खर्ची पडतात. 70 मध्ये त्याला जागाच उरत नाही, 58 मध्ये उरते. शेवटचा आकडा जुळला म्हणून मधली वाट बरोबर होती असं समजणारे मला या धंद्यात सर्वांत धोकादायक वाटतात.

अर्थात कोष्टकालाही अटी आहेत, आणि पुस्तकात त्या बहुधा तळटिपेत असतात. 6.49 किंवा 3.61 हे आकडे एका काटछेदात भिंतीचं तापमान सगळीकडे सारखं आहे असं धरून काढलेले असतात. सिलिकॉन किंवा तांबं उष्णता चटकन पसरवतं, त्यामुळे तिथे ते चालतं. प्लास्टिकच्या किंवा पातळ स्टीलच्या वाहिनीत प्रत्येक ठिकाणी सारखीच उष्णता येते, कोपरे तापून राहतात, आणि आठ प्रमाणाच्या त्याच आयताचा अंक 6.49 वरून तीनच्याही खाली घसरतो. वाहिनी तीच, उष्णता वाहून नेण्याची क्षमता निम्मीसुद्धा नाही. काचेच्या झाकणासारखी एखादी बाजू उष्णता देत नसेल तरी आकडा बदलतो. आपल्या खाचेत ती बाजू आखूड आहे म्हणून फरक लहान. पण दोन रुंद पाट्यांपैकी एकच तापत असेल तर 8.23 चा 5.39 होतो.

दुसरी अट लांबीची. कोष्टकातला अंक प्रवाह पूर्ण स्थिरावल्यानंतरचा असतो. तोंडाशी भिंतीलगत ताजं, गार पाणी असतं, तिथे अंक बराच वरचा असतो. स्थिरावायला लागणारी लांबी ढोबळमानाने अशी: रेनॉल्ड्स अंक, पाण्याचा प्रांटल अंक आणि हायड्रॉलिक व्यास यांचा गुणाकार, आणि त्याचा विसावा भाग. टकरमन-पीस यांच्या प्रयोगात ही लांबी एक सेंटिमीटरहून जास्त भरते! म्हणजे त्यांचं पाणी स्थिरावण्याआधीच बाहेर पडत होतं, आणि आपला 36 अंशांचा हिशेब सावध बाजूचा आहे.

आपली वाहिनी कोष्टकाच्या हद्दीत आहे का, हे कळायला एक सोपी चाचणी आहे. पाणी दुप्पट करा आणि भिंत व पाणी यांच्यातला तापमानफरक मोजा. स्थिरावलेल्या स्तरीय प्रवाहात नुसेल्ट अंक वेगावर अवलंबून नसतो, म्हणून तेवढ्याच उष्णतेला हा फरक जवळजवळ तसाच राहतो. तो लक्षणीय कमी झाला तर वाहिनी अजून तोंडाच्या टप्प्यात आहे किंवा प्रवाह खळाळू लागला आहे, आणि तिथे कोष्टकातला आकडा वापरू नये.