बिर्याणीची प्लेट ११० ला द्यायची की १२० ला?

बारामतीत भिगवण रोडला किंवा एमआयडीसीकडे बिर्याणीचा गाडा लावणाऱ्या आपल्या भावांना हा प्रश्न नेहमी पडतो. शेजारच्याने दहा रुपये कमी केले की आपणही करायचे का? उत्तर देण्याआधी एक हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा प्लेट १२० रुपयांना विकता. एका प्लेटमागे चिकन ३८, तांदूळ १४, तेल-मसाला-कांदा-गॅस १६, डबा आणि रायता १२, असा ८० रुपये खर्च होतो. प्लेट विकली तरच हा खर्च. उरलेले ४० रुपये म्हणजे त्या प्लेटचे योगदान. हा अजून नफा नाही बरं का. यातून आधी महिन्याचा ठरलेला खर्च निघायला हवा: जागेचे भाडे ८,०००, मदतनिसाचा पगार १२,०००, लाईट-पाणी-साफसफाई २,००० आणि गाड्या-भांड्यांचा हप्ता ४,०००. झाले २६,०००. इथेच बहुतेक जण थांबतात. पण दिवसभर देगीपाशी उभे राहणाऱ्याच्या घरखर्चाचे काय? ते १४,००० धरले की एकूण ४०,००० होतात.

४०,००० ला ४० ने भागा. १,००० प्लेटा. पंचवीस दिवस धंदा असेल तर रोज ४०. इतक्या विकल्या की ना नफा ना तोटा. एकेचाळिसावी प्लेट गेली की नफा सुरू.

आता ११० ला विका. भाव दहाच रुपयांनी उतरला, पण चिकनवाला काही स्वस्त देत नाही. म्हणून योगदान ४० वरून ३० वर येते आणि रोज ४० ऐवजी ५४ प्लेटा विकाव्या लागतात. तेवढे जास्तीचे गिऱ्हाईक येणार असेल तरच भाव उतरवा. उलट १३० केले तर ३२ प्लेटांत खर्च निघतो, म्हणजे ४० पैकी आठ गिऱ्हाइके गेली तरी बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र या भागाकारात दिसत नाही. बिर्याणी एकेक प्लेट शिजत नाही, अख्खी देग चढते. पन्नास प्लेटांची देग लावली आणि चाळीस खपल्या, तर उरलेल्या दहांचे चिकन, तांदूळ, मसाला मिळून ६८० रुपये गेले. चाळीस प्लेटांचे योगदान १,६०० असते, त्यातून ते वजा. म्हणून रात्री गल्ला मोजताना उरलेल्या प्लेटाही वहीत लिहा. आठवड्यात तीन-चार वेळा उरत असेल तर भाव बदलण्याआधी देग लहान करा.

रमजानची विक्री धरून वर्षाचा भाव ठरवू नका. श्रावणात बरीच गिऱ्हाइके मटण-चिकन सोडतात, भाडे आणि पगार मात्र तेवढेच राहतात. तेव्हा रोज किती प्लेटा जातात, तो आकडा घेऊन हाच भागाकार पुन्हा करा.